टीएटी आणि प्रश्नावलीचे निकाल उलटसुलट आलेत, जर्नलमध्ये काय लिहू?

सायली_एमए२: एमए मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये एकाच सब्जेक्टवर, म्हणजे एका मुलीवर, दोन चाचण्या घेतल्या: संपादन प्रेरणेची, म्हणजे काहीतरी उत्तम करून दाखवायच्या ओढीची, प्रश्नावली आणि टीएटीची चार कार्डं, ज्यात चित्र बघून गोष्ट लिहायची असते. प्रश्नावलीत तिचा स्कोअर वर्गात जवळजवळ सगळ्यात कमी. टीएटीच्या गोष्टींत मात्र संपादन ठासून भरलंय. पहिल्या कार्डावर (मुलगा आणि व्हायोलिन) तिने लिहिलं: "क्लासमधल्या सगळ्यांपेक्षा त्याला छान वाजवायचंय. उद्या स्पर्धा आहे आणि तार तुटलीये. रात्रभर बसून तो ती बसवतो." यातली कुठली चाचणी चुकली? सोमवारी व्हायवा आहे.

अंतर्मन: टीएटीच खरी. प्रश्नावलीत माणूस हवं ते लिहितो, चित्रात मन आपोआप उघडं पडतं. तिथे फसवता येत नाही.

नाशिकचा_पक्या: फसवता येत नाही? मी सैन्यात अधिकारी व्हायला दोनदा एसएसबी दिली आहे. तिथे अशीच बारा चित्रं असतात, त्यातलं शेवटचं कोरं. तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट. कोचिंगमध्ये आमच्याकडून रोज दहा-दहा गोष्टी घोटून घेतल्या. हिरो वेळेवर पोचतो, गावकऱ्यांना गोळा करतो, पूल बांधतो. आडातच नव्हतं ते पोहऱ्यात आणायला शिकवलं. तरी दोन्ही वेळा परत आलो ते वेगळं.

गृहिणी_पुणे: माझ्या मुलाला करिअरसाठी यातली कुठली टेस्ट बरी पडेल? तो दहावीला आहे.

जुनी_वही: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. व्हायोलिनच्या कार्डावरून कोणाचं करिअर ठरत नाही.

सायली, 'कुठली चुकली' हा प्रश्नच सोडून दे. मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मांडलं की गोष्टींतून दिसणारी प्रेरणा आणि माणूस स्वतःबद्दल सांगतो ती प्रेरणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून माणूस वर्षानुवर्षं आपणहून कशात रमतो याचा अंदाज येतो, दुसरीवरून समोर ठेवलेल्या पर्यायांतून तो काय निवडेल याचा. दोन्हींचा सहसंबंध कमीच निघतो, त्यामुळे तुझा निकाल जगावेगळा नाही.

पण एवढ्यावरून टीएटीला पास करू नकोस. पहिलं कार्ड मुळातच अशा गोष्टी ओढून काढतं. मुलगा आणि वाद्य दिसलं की निम्मा वर्ग रियाज आणि स्पर्धाच लिहितो. त्याच कार्डावर बाकीच्यांनी काय लिहिलंय ते बघ. दुसरं, गोष्टींची लांबी मोज. लांब लिहिणाऱ्याला गुण जास्त मिळतात, त्यात प्रेरणेचा संबंध असेलच असं नाही.

प्रश्नावलीही धुतल्या तांदळासारखी नाही. 'मी खूप मेहनत घेते' हे वाचताना ती स्वतःला कोणाशी ताडून बघत होती?

सायली_एमए२: बापरे. ती हॉस्टेलवर यूपीएससीवाल्या मुलींबरोबर राहते! विचारलं तर म्हणाली, "त्यांच्यापुढे मी काहीच करत नाही." आणि तिच्या गोष्टी सरासरी 190 शब्दांच्या, बाकीच्यांच्या 100 च्या आसपास.

अंतर्मन: म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना, प्रश्नावली चुकली.

जुनी_वही: अर्धं बरोबर. गोष्ट लिहिताना स्वतःची कोणाशी तुलना करावी लागत नाही, हा टीएटीचा खरा फायदा. पण सायली, तुझी टीएटीही जवळजवळ दुप्पट शब्दांनी फुगलेली आहे. मॅक्लेलंडच्या पद्धतीने गुण दिलेस का? त्यात आधी एकच बघायचं: उत्तमतेच्या कुठल्यातरी मापाशी स्पर्धा आहे का? असेल तर +1. नुसतं रोजचं काम असेल तर 0, दोन्ही नसेल तर −1. +1 आला तरच पुढचं मोजायचं. तुझ्या व्हायोलिनच्या गोष्टीत 'सगळ्यांपेक्षा छान' आहे म्हणून +1, शिवाय 'वाजवायचंय' ही गरज, तुटलेली तार हा बाहेरचा अडथळा आणि रात्रभरची दुरुस्ती हा प्रयत्न, या तिन्हींचे वेगळे गुण.

हेच मैत्रिणीकडून करून घे. तिला सब्जेक्टचं नाव आणि प्रश्नावलीचा स्कोअर सांगू नकोस.

सायली_एमए२: मी तर 'वडिलांच्या दबावाची सुप्त भीती' असंही लिहून बसले होते.

जुनी_वही: गोष्टीत वडील कुठे आहेत? खोडून टाक.

सायली_एमए२: मैत्रिणीने गुण दिले. तीन गोष्टींवर आमचं जुळलं. दुसऱ्या कार्डावर (शेत आणि पुस्तकं धरलेली मुलगी) अडलंय. सब्जेक्टने लिहिलंय, "तिला शिकून इथून बाहेर पडायचंय." मी +1 दिला, मैत्रीण म्हणते 0, कारण ही सुटकेची इच्छा आहे, चांगलं करून दाखवण्याची नाही.

जुनी_वही: मीही 0 कडे झुकेन, पण ठामपणे नाही. दोघींचे गुण जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिही, पेनाने. नंतर जुळवून घेऊ नका.

नाशिकचा_पक्या: एसएसबीत हेच लिहिलं असतं तर शिकून परत गावात येऊन शाळा काढावी लागली असती.