मदत हवी आहे: झिरो कूपन बाँडचा हिशेब शेवटी 1000 वर का बसत नाही?

मंडळी, झिरो कूपन बाँडच्या वाढीव व्याजाचं कोष्टक करतेय. दर्शनी किंमत 1000 रुपये, मुदत 5 वर्षं, परतावा वार्षिक 8 टक्के. म्हणून खरेदी किंमत 680.58. पूर्ण वर्षं धरली की सगळं बरोबर जुळतं. पहिल्या वर्षी 54.45 व्याज चढून किंमत 735.03 होते, पुढच्या वर्षी त्यावर 58.80, असं वाढत शेवटच्या वर्षी 74.07 आणि बरोबर 1000.

अडचण अशी की खरेदी 1 ऑक्टोबरची आहे आणि वहीचं वर्ष 31 मार्चला संपतं. पहिल्या सहामाहीला सरळ 4 टक्के, म्हणजे 27.22 धरले, मग चार वर्षं 8 टक्के, शेवटच्या सहामाहीला पुन्हा 4. उत्तर आलं 1001.48! मार्चमध्येच व्याज मुद्दलात मिसळल्यामुळे चक्रवाढ जास्त वेळा होते, एवढं कळलं.

यावर दोन उपाय दिसतात. एक, सहामाहीसाठी 1.08 चं वर्गमूळ वापरायचं. मग पहिलं व्याज 26.70 येतं.

```
=680.58*(1.08^0.5-1)
```

दुसरा, वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबरच ठेवायचं आणि त्या वर्षाचं व्याज दिवसांवर वाटायचं. सहामाही म्हणजे बरोबर अर्धं वर्ष धरलं तर मार्चला 27.22, पुढच्या वर्षी 27.22 अधिक 29.40. दोन्हींत शेवट 1000 लाच होतो.

तुमच्याकडे ऑडिटर यातली कोणती पद्धत मान्य करतात? लीप वर्षात 366 ने भागता की 365 ने?