मदत हवी आहे: घेवरला जाळी पडत नाहीये, नुसता चुरा होतोय, परवा सिंजारा आहे

केतकी_जयपूर
नमस्कार मंडळी, खूप घाईत लिहितेय. घेवर करतेय, धार बारीक सोडतेय, तूप पण कडकडीत आहे, तरी जाळी धरत नाही. पीठ तुपात पडलं की सगळीकडे पसरतं आणि कडेला चुरा जमतो. सकाळपासून तीन वेळा पीठ फेकलं. परवा सिंजारा आहे, म्हणजे इथे तीजेच्या आदल्या दिवशी लेकीच्या सासरी मिठाई पाठवतात तो, त्याआधी निदान चार घेवर नीट झाले पाहिजेत. काय चुकतंय सांगा ना कोणीतरी.

सुनंदा काकू
केतकी, तांदूळ जुने घे आणि किमान सहा तास भिजव. नवीन तांदळाला जाळी पडत नाही हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. बिडाचा तवा चांगला तापला की कांद्याने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडून आत असं ओतायचं, मधून नाही. लगेच झाकण ठेव. जाळी बघत राहावी अशी येते.

केतकी_जयपूर
काकू ते घावन झालं, मी घेवर म्हणतेय, राजस्थानातली मिठाई, मैद्याची, तुपात तळतात ती.

सुनंदा काकू
अगं हो, चष्मा नव्हता लावलेला. पण मैद्याची जाळी म्हणजे मला नाही माहीत, आमच्याकडे जाळी म्हणजे घावन नाहीतर अनारसे.

पराग_ठाणे
जयपूरला राहून घेवर घरी कशाला करताय? तिथे गल्लीगल्लीत ताजे मिळतात, दोन किलो आणा आणि मोकळ्या व्हा.

केतकी_जयपूर
विकत आणायचे असते तर इथे लिहिलं नसतं. आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या मांजी दरवर्षी मुलीच्या सासरी सिंजाऱ्यात हातचे घेवर पाठवतात. यावर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी चुलीपाशी जायचं नाही सांगितलंय, म्हणून मी करते म्हटलं. त्या फक्त एवढंच सांगतात की "घोल ठंडो राख, धार पतली राख". तीन वर्षं त्यांनी मला मुलीसारखं सांभाळलंय, मला हे जमवायचंच आहे.

जालन्याचा_भट्टीवाला
केतकीताई, आमचं घर मूळचं नागौरकडचं, जालन्यात चौथी पिढी, श्रावणात आमच्या भट्टीवर घेवरच असतात. पण तुम्ही काहीच सांगितलं नाही तर सांगणार कसं? भांडं कुठलं, तूप किती खोल, पिठात तूप कसं घातलं, पाणी किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या घेवरपासूनच चुरा झाला का सुरुवातीचे बरे होऊन मग बिघडले? या दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

अनघा_मिरज
माझ्या मते तूप कमी तापलंय. धूर येईपर्यंत तापवायचं, मगच धार सोडायची. आणि चिमूटभर सोडा घाल, भोकं आपोआप पडतात.

जालन्याचा_भट्टीवाला
अनघाताई, तूप भरपूर गरम लागतं हे बरोबर, थंड तुपात पीठ खाली बसतं आणि बुडाला चिकटतं. पण धुरापर्यंत नेलं तर पीठ पडल्या पडल्या करपून सुटं होतं, जाळी विणायला त्याला वेळच मिळत नाही, शिवाय तुपाला जळका वास लागतो तो वेगळा. पिठाचा एक थेंब टाकून बघायचं, खाली न बसता लगेच वर आला आणि भोवती फेस धरला की तूप झालं. आणि सोडा अजिबात नको. सोड्याने फुगतं, पण घेवरची भोकं फुगून झालेली नसतात. थंड पातळ पीठ गरम तुपात पडलं की त्यातलं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं, पीठ फाटतं, आणि फाटलेले धागे एकमेकांना चिकटून तळले जातात, ती जाळी.

अनघा_मिरज
मी एकदा सोडा घालून केले होते, छान झाले होते, सगळ्यांनी खाल्ले.

केतकी_जयपूर
दादा सांगते. नेहमीची पुऱ्यांची कढई, तूप साधारण दोन बोटं. दोन वाट्या मैदा, पाव वाटी तूप पातळ करून, अर्धी वाटी दूध आणि तीन वाट्या पाणी, सगळं एकदम मिक्सरमधून काढलं. पहिला घेवर खरं तर बऱ्यापैकी झाला होता, अर्ध्या भागात जाळी होती. दुसरा त्याहून वाईट, चौथ्यापासून नुसता चुरा. पीठ ओट्यावरच होतं, फ्रीजमध्ये नव्हतं ठेवलं, इथे आज उकाडाही प्रचंड आहे.

जालन्याचा_भट्टीवाला
मग सापडलं ताई. तुमचं प्रमाण ठीक आहे, त्याला हात लावू नका. पहिला बरा आणि पुढचे बिघडत गेले म्हणजे पीठ तापत गेलं. पातेल्यात वरून बघा, पिवळट तवंग दिसेल, ते तूप सुटून वर आलेलं आहे. तूप वेगळं झालं की खाली नुसतं मैद्याचं पाणी राहतं आणि ते तुपात पडलं की विखुरणारच.

आता असं करा. तूप पातळ करायचं नाही, घट्ट घ्यायचं. परातीत पाव वाटी घट्ट तूप आणि चार-पाच बर्फाचे खडे घेऊन तळव्याने गोल गोल फेसत राहायचं. आधी तूप आणि पाणी वेगळं वेगळं पळेल, घाबरू नका, सात-आठ मिनिटांत लोण्यासारखं पांढरंशुभ्र होतं. उरलेला बर्फ काढून टाका. मग थोडा थोडा मैदा, मग फ्रीजमधलं दूध, मग बर्फाचं थंड पाणी थोडं थोडं करून. गुठळी मोडेपर्यंतच ढवळा, फार घोटलं तर मैद्याला चिकटपणा येतो आणि जाळी जाड पडते. पीठ ताकासारखं वाहतं हवं. मग गाळून घ्याच, बर्फाचा तुकडा चुकून तुपात गेला तर तूप अंगावर उडतं. आणि पिठाचं पातेलं शेवटपर्यंत बर्फाच्या परातीत बसवून ठेवा.

वर्षा_पुणे
मिक्सरला उगाच नावं ठेवू नका, मी दरवर्षी मिक्सरमध्येच करते. फक्त घट्ट तूप आणि बर्फ आधी फिरवते, पांढरं झालं की बाकीचं, आणि थांबून थांबून फिरवायचं म्हणजे भांडं तापत नाही. तळव्याने फेसायला सगळ्यांना वेळ असतो का.

जालन्याचा_भट्टीवाला
होत असेल वर्षाताई, पण हाताला जे कळतं ते मिक्सरला कळत नाही. तूप कधी धरलं हे तळव्याखाली समजतं.

वर्षा_पुणे
आणि तळव्याची ऊब लागून तूप वितळतं त्याचं काय? मला नाही पटत.

नितीन_नागपूर
तूप महाग आहे, रिफाइंड तेलात करून बघा, तेवढंच कुरकुरीत होतं. पिठातसुद्धा तेल चालेल.

जालन्याचा_भट्टीवाला
पिठात तेल चालणार नाही नितीनभाऊ. तेल बर्फासोबत घट्ट होत नाही, त्याचं लोणी होतच नाही. तळायला बरेच दुकानदार वनस्पती वापरतात हे खरंय, पण घरच्या सिंजाऱ्याला साजूक तूपच शोभतं.

आता केतकीताई, भांडं. कढई पसरट, तूप दोन बोटं, मग पीठ पसरायला मोकळं रान मिळतं. आम्ही पसरट कढईत गोल कडी ठेवतो, ती पिठाला अडवते. तुमच्याकडे कडी नसेल तर उंच, अरुंद, जाड बुडाचं पातेलं घ्या. पाच इंच रुंदीचं असेल तर किलोभर तुपात भागतं, चार बोटं खोल तरी तूप हवंच आणि पातेलं अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर येतो.

धार वीतभर उंचीवरून, बरोबर मधोमध, एका वेळी एक मोठा चमचा. टाकलं की तूप खवळतं, फेस वर येतो. आता इथे हात आवरायचा. फेस पूर्ण बसेपर्यंत दुसरा चमचा नाही. पीठ आपोआप कडेला सरकून जमतं आणि मध्ये भोक राहतं. फेस बसला की पुन्हा त्याच भोकात. असं दहा-बारा वेळा. भोक बुजायला लागलं तर सळईने हलकेच मोकळं करा. शेवटी आच मध्यम करा, बुडबुडे कमी झाले की भोकात सळई घालून उचला आणि जाळीवर निथळत ठेवा. दर घेवरनंतर तुपातला चुरा झाऱ्याने काढा, नाहीतर तो जळून पुढच्याला चिकटतो.

केतकी_जयपूर
अच्छा! मी एकामागोमाग ओतत होते, फेस बसायची वाट बघितलीच नाही, मला वाटलं धार तुटता कामा नये.

रोहिणी_सांगली
एक विचारू का, आमच्याकडे आत्ता कुठे श्रावण लागतोय आणि तिकडे म्हणे पंधरा दिवस आधीपासून घेवर विकायला असतात, असं कसं?

वर्षा_पुणे
त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावस्येनंतर. म्हणून सावन आपल्या आधी पंधरवडा लागतो. पण शुद्ध पक्ष दोघांचा एकच, त्यामुळे हरियाली तीज श्रावण शुद्ध तृतीयेलाच, आपल्या नागपंचमीच्या दोन दिवस आधी. सिंजारा तिच्या आदल्या दिवशी.

सुनंदा काकू
म्हणजे आमच्याकडे पुरणाची दिंडं तेव्हा तिकडे घेवर. छान. केतकी, अनारशालासुद्धा तुपाचा ताव असाच सांभाळावा लागतो हो, तेवढं लक्षात ठेव.

केतकी_जयपूर
रात्रीचे साडेदहा वाजलेत, कळवल्याशिवाय राहवेना. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. हातानेच फेसलं, दहा मिनिटं लागली, मध्ये वाटलं सोडून द्यावं आणि अचानक पांढरं झालं. पीठ बर्फात ठेवलं, दुधाचं उंच पातेलं घेतलं. टोमॅटो सॉसच्या रिकाम्या बाटलीत पीठ भरलं, चमच्यापेक्षा धार खूप बारीक येते. पहिल्या तीन चमच्यांना थोडा चुरा झाला, चौथ्यानंतर कडेला गोल धरायला लागलं आणि मग डोळ्यांसमोर जाळी वर वर चढत गेली. रडायला आलं मला. मांजींना ताट हातात दिलं, त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "जाळी आयगी".

सहा केले, त्यातले दोन सळईने उचलताना मधून तुटले, भोकाभोवतीचा भाग मऊ राहतोय. कड मात्र लाल होते. हे कशामुळे?

जालन्याचा_भट्टीवाला
अभिनंदन ताई! मधला भाग मऊ म्हणजे शेवटचे एक-दोन चमचे टाकून लगेच उचललं असणार. शेवटच्या चमच्यानंतर फेस बसला तरी मिनिटभर थांबा, आणि झाऱ्याने वरच्या बाजूवर गरम तूप सोडत राहा.

अनघा_मिरज
किंवा पीठ अजून पातळ हवं असेल. पातळ केलं की मध्ये साठत नाही.

जालन्याचा_भट्टीवाला
तेही असू शकतं. दोन चमचे थंड पाणी घालून एक करून बघा, सगळ्या पिठात नको, थोडं वेगळं काढून त्यात.

केतकी_जयपूर
उद्या सकाळी दोन्ही करून बघते. पाक आत्ता करू का परवा?

वर्षा_पुणे
आत्ता नको! पावसाळी हवेत पाकातले लगेच मऊ पडतात. कोरे घेवर पूर्ण गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात भर, खाली कागद घाल. परवा सकाळी एकतारी पाक कोमट करून चमच्याने वरून सोड, बुडवू नकोस. रबडी घालणार असशील तर ती वेगळ्या डब्यात दे, तिथे पोचल्यावर खायच्या वेळी लावतील.

केतकी_जयपूर
मांजी म्हणतात त्यांच्या लेकीला कोरेच आवडतात, दुधात मोडून खाते. मग चार कोरे आणि दोन पाकातले पाठवते. बर्फ संपलाय, तो आधी लावून ठेवते.