जुना मेल रिकामा झालाय, फोटो परत मिळतील का?

सुलभाताई बी-३०२: ग्रुपवर मेलमधलं कोणाला कळतं का? ह्यांचा जुना मेल आज उघडला, पासवर्ड लागला पण आत एकही मेल नाही, नुसता वेलकमचा एक. लेक कॅनडाला होती तेव्हाचे फोटो त्यात होते, पाच-सहा वर्षं कोणी उघडलाच नव्हता 😔

मोरेकाका ए-१०४: हॅक झालंय, आधी पासवर्ड बदला

निखिल सी-५०१: हॅक नाही वाटत काका. बरेच दिवस लॉगिन नसलं की कंपन्या आतलं सगळं उडवतात, याहूचा नियम १२ महिन्यांचा आहे, गुगलचा २ वर्षांचा आणि गुगल तर पूर्ण अकाउंटच काढू शकतं. काकू, तुमचं लॉगिन झालंय म्हणजे अकाउंट जिवंत आहे, फक्त पेटी रिकामी केली. ते जुने मेल कंपनीकडून परत मिळणं जवळपास अशक्य, कस्टमर केअरच्या नावाने फोन नंबर दिसतात नेटवर त्यांना पैसे देऊ नका

मोरेकाका ए-१०४: आणि अकाउंटच गेलं असेल तर? माझं एक जीमेल आहे पडून, "अकाउंट सापडत नाही" म्हणतं

निखिल सी-५०१: आधी स्पेलिंग बघा नीट. मग accounts.google.com/signin/recovery वर जाऊन नेहमीच्या फोनवरून, घरच्या वायफायवर करा. नुकतंच डिलीट झालं असेल तर कधीकधी परत येतं, जास्त दिवस झाले असतील तर सोडून द्या. त्याच नावाने नवीन जीमेलही काढता येत नाही

सुलभाताई बी-३०२: म्हणजे माझे फोटो गेलेच 😢

निखिल सी-५०१: थांबा काकू, तेव्हा काका मेल ब्राउझरमध्ये बघायचे की कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये?

सुलभाताई बी-३०२: आउटलुक. निळं चिन्ह. तो लॅपटॉप माळ्यावर आहे

निखिल सी-५०१: मग चान्स आहे!! आउटलुक मेलची कॉपी लॅपटॉपवर ठेवतं, .pst नाहीतर .ost नावाची फाइल असते. पण तो लॅपटॉप नेटला लागला आणि आउटलुक उघडलं तर ते सर्व्हरशी जुळवून घेतं, सर्व्हरवर काहीच नाही म्हटल्यावर इथलंही पुसून टाकू शकतं. .pst असेल तर धोका कमी, .ost असेल तर जास्त. म्हणून आउटलुक न उघडता आधी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायची, मग नेट बंद ठेवूनच उघडायचं. आणि लेकीला पण विचारा, फोटो तिनेच पाठवले असतील तर तिच्या सेंटमध्ये असतील, काकांचा पत्ता टाकून सर्च करायला सांगा

सुलभाताई बी-३०२: हे डोक्यातच नाही आलं. विचारते. आणि ते अकाउंट आता बंद करून टाकू का

निखिल सी-५०१: नको! बँक, पीएफ, इन्शुरन्स कुठेतरी तोच पत्ता दिला असेल, तिथले मेल आता त्यात येतील. आधी सगळीकडे नवा पत्ता द्या

सुलभाताई बी-३०२: हे लॅपटॉप काढतायत माळ्यावरून, चालू करू का

निखिल सी-५०१: आधी राउटर बंद करा, त्याला वायफायचा पासवर्ड आठवत असेल. मी जेवून येतो