मूळ जन्मदाखला पाठवताना

"यूएससीआयएस या अमेरिकेच्या स्थलांतर विभागाने पुराव्याची मागणी करून मूळ जन्मदाखला मागितला आहे, टपालाने पाठवू का?"

मूळ प्रत स्पष्टपणे मागितली असेल तरच पाठवावी, कारण न मागता पाठवलेली मूळ कागदपत्रे नष्टही केली जाऊ शकतात. पाठवण्यापूर्वी दाखल्याच्या दोन्ही बाजू रंगीत स्कॅन कराव्यात आणि भारतातील नातेवाइकांमार्फत महानगरपालिकेकडून आणखी एक प्रमाणित प्रत काढून ठेवावी. टपालाचा विमा पैसे देतो, दाखला देत नाही. मागणीपत्राची मूळ प्रत सर्वांत वर ठेवावी. टपाल आणि खासगी कुरिअर यांचे पत्ते अनेकदा वेगळे असतात, तेव्हा पत्ता पत्रातूनच घ्यावा. मुदतीच्या दिवशी पाकीट पोहोचलेले असावे लागते, नुसते रवाना झालेले चालत नाही. म्हणून पोचस्वाक्षरीची सेवा निवडून ट्रॅकिंगची पावती जपावी. दाखला परत न आल्यास G-884 हा अर्ज भरावा.