मदत हवी आहे: प्रयोगशाळेच्या नोकरीचे इंग्रजी कव्हर लेटर मराठीत आणताना अडले आहे

निळा_थेंब

नमस्कार मंडळी. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची जागा निघाली आहे. नमुने घेऊन येणाऱ्यांना अहवाल मराठीत समजावून सांगणे हा कामाचाच भाग असल्याने अर्जासोबतचे पत्रही मराठीतच मागितले आहे. माझे रसायनशास्त्रात बीएस्सी झाले आहे आणि एका छोट्या प्रयोगशाळेत १४ महिने काम केले आहे.

पत्राचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे तयार होता. शब्दकोश शेजारी ठेवून दोन रात्री बसून तो मराठीत आणला, पण आता वाचते तर ते मी लिहिलेलेच वाटत नाही. मधला परिच्छेद असा आहे:

> मी एक अत्यंत प्रेरित आणि तपशीलाभिमुख रसायनतज्ज्ञ आहे. मला टायट्रेशनचा प्रत्यक्ष हाताळणीचा अनुभव आहे. मानक उपाय तयार करण्यासाठी आणि रोजच्या नमुन्यांच्या अचूकतेसाठी मी जबाबदार होते. मी एएएसशी परिचित आहे. मी आपल्या संघासाठी मौल्यवान संपत्ती ठरेन असा माझा विश्वास आहे.

इंग्रजीत हेच वाचताना काही खटकत नव्हते. नेमके कुठे बिघडले ते सांगाल का? शनिवारपर्यंत पाठवायचे आहे.

शब्दवेल्हाळ

दोन चुका तर लगेच दिसतात. ‘मानक उपाय’ म्हणजे काय? सोल्यूशन या शब्दाचे दोन अर्थ आहेत, त्यातला अडचणीवरचा तोडगा तुम्ही उचललात. बाटलीतले ते द्रावण. म्हणून ‘प्रमाण द्रावण’. दुसरी चूक ‘जबाबदार होते’. मराठीत माणूस अपघाताला जबाबदार असतो, नुकसानीला जबाबदार असतो. ‘अचूकतेसाठी मी जबाबदार होते’ हे वाचताना काहीतरी बिघडले होते आणि दोष तुमच्यावर आला, असा सूर लागतो. ‘द्रावणे तयार करण्याचे काम माझ्याकडे होते’ एवढे पुरे.

आणि कृपा करून सगळे शब्द मराठीत घ्या. टायट्रेशन नको, अनुमापन. बीकर नको, चंचुपात्र. इंडिकेटर नको, दर्शक. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यासाठीच आहेत. मराठीत अर्ज मागितला आहे तर तो मराठीत असावा.

सलाईन

मी पण लॅबमध्येच आहे, सहा वर्षे झाली. माझ्या वेळी मी रिझ्युमेच दोन पानांचा केला होता, पत्र वगैरे कोणी बघितले नाही. ब्लड कलेक्शन किती केले, कुठले अ‍ॅनालायझर चालवले, ते टेबलमध्ये टाका. डीएमएलटी झाले असेल तर ते सगळ्यात वर. रात्रपाळीची तयारी आहे हेही लिहा, त्यावर माझी निवड झाली होती.

निळा_थेंब

शब्दवेल्हाळ, ‘जबाबदार’बद्दल मनापासून आभार. तेच खटकत होते, पण बोट ठेवता येत नव्हते. सलाईन, ही पॅथॉलॉजीची लॅब नाही, पाण्याची आहे. कठिणता, क्लोराइड, फ्लोराइड, अशा तपासण्या. आणि पत्र इथे बघणार आहेत, कारण अर्जदाराला मराठीत नीट लिहिता येते का हे त्यांना त्यावरूनच कळणार.

जुना_विश्लेषक

मी बरीच वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत होतो आणि शेवटी अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शब्द बदलून हा परिच्छेद सुधारणार नाही. इंग्रजी पत्रात विशेषणे चालतात, कारण तिथे तो रिवाज आहे. मराठीत स्वतःला ‘अत्यंत प्रेरित’ म्हणणारा माणूस परका वाटतो, आणि ‘तपशीलाभिमुख’ हा शब्द तर बोलताना कोणाच्याच तोंडी येत नाही. मराठीत माणूस काय करतो यावरून कसा आहे ते कळते. तेव्हा प्रत्येक विशेषण पुसा आणि त्या जागी असे काम लिहा की वाचणारा ते विशेषण स्वतःच लावेल.

तुम्ही काटेकोर आहात ना? मग सांगा, कठिणता काढताना दोन रीडिंगमध्ये किती फरक आला तर तुम्ही तिसऱ्यांदा करायचात? कधी काही बिघडले होते का, आणि ते तुमच्या कसे लक्षात आले? इथे साध्या भाषेत लिहा, पत्र म्हणून नको.

शब्दवेल्हाळ यांचे द्रावणाबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. चंचुपात्राबद्दल मात्र मी सहमत नाही. प्रयोगशाळेत ‘ते चंचुपात्र दे’ असे कोणी म्हणत नाही, बीकरच म्हणतात. पत्र वाचणारा प्रमुख ‘दर्शक’ वाचून क्षणभर थांबेल. नमुना, द्रावण, कठिणता, गाळणे हे शब्द रोजच्या वापरातले आहेत, ते मराठीत ठेवा. ब्यूरेट, पिपेट, बफर, टायट्रेशन तसेच राहू द्या. कसोटी एकच, हा शब्द टेबलापाशी उभे राहून तुम्ही बोलता का?

शब्दवेल्हाळ

टेबलापाशी बोलणे वेगळे आणि पत्र वेगळे. निदान अनुमापन तरी ठेवा. मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांनी तो शब्द वाचलेला असतो.

निळा_थेंब

सर, सांगते. आम्ही ५० मिली नमुना घ्यायचो, अमोनिया बफर घालून पीएच १० ला आणायचो, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेशन. लालसर रंग जाऊन निळा आला की थांबायचे. प्रत्येक नमुना दोनदा. दोन रीडिंगमध्ये ०.१ मिलीपेक्षा जास्त फरक आला तर मी तिसऱ्यांदा करायचे.

एकदा सकाळपासून रंगच नीट बदलेना. लालचा जांभळा व्हायचा आणि तिथेच रेंगाळायचा, निळा कुठे म्हणायचा तेच कळेना. एकाच नमुन्याला एकदा ११.४ आणि एकदा ११.९ मिली आले. आधी वाटले इंडिकेटर जुना झाला. नवा करून पाहिला, तरी तेच. मग बफर घातलेल्या नमुन्याचा पीएच मोजला तर १० च्या बराच खाली. बफरच्या बाटलीचे बूच नीट बसत नव्हते, अमोनिया उडून गेला होता. नवे बफर केले आणि त्या दिवसाचे सगळे नऊ नमुने पुन्हा केले. अहवाल एक दिवस उशिरा गेले आणि त्यावरून मला बोलणी बसली. म्हणून पत्रात हे लिहायचे मनातही आले नव्हते.

जुना_विश्लेषक

अहो, हेच तुमचे पत्र आहे.

तुमचे ११.४ आणि ११.९ घ्या. ५० मिली नमुन्याला तुमच्या ईडीटीएचा १ मिली म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम कठिणता. म्हणजे एक रीडिंग २२८ आणि दुसरे २३८. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा २०० आहे, त्यामुळे या नमुन्यावरचा शेरा कदाचित बदललाही नसता. पण तोच अर्ध्या मिलीचा फरक २०० च्या आसपासच्या नमुन्यात पडला, तर एक रीडिंग मर्यादेत आणि दुसरे बाहेर. सरासरी काढून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. तुम्ही थांबलात, एकेक कारण तपासत गेलात आणि नऊच्या नऊ नमुने पुन्हा केलेत. प्रयोगशाळेचा प्रमुख असाच माणूस शोधत असतो.

बोलणी बसल्याचे पत्रात लिहू नका, आधीच्या प्रयोगशाळेबद्दल तक्रारीचा एक शब्दही नको. नमुने कोणाचे होते तेही लिहायचे नाही, ती माहिती तुमची नव्हे. ‘आढळले’, ‘पुन्हा तपासले’ एवढ्यात भागते.

एएएसचे काय? ‘परिचित आहे’ म्हणजे नक्की काय केले आहे?

निळा_थेंब

यंत्र मी स्वतः चालवलेले नाही. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून डायजेशन करायचे, गाळायचे, ठरलेल्या आकारमानाला आणायचे, इथपर्यंत मी करायचे. पुढचे सीनियर करायचे. जाहिरातीत एएएसचा अनुभव ‘असल्यास प्राधान्य’ असे आहे.

जुना_विश्लेषक

मग तेवढेच लिहा. ‘धातूंच्या तपासणीसाठी नमुने तयार करण्याचे काम मी केले आहे, एएएसवर स्वतः रीडिंग घेतलेली नाहीत.’ मुलाखतीत पहिलाच प्रश्न दिव्याचा किंवा ज्योतीचा येईल आणि ‘परिचित’ तिथेच उघडे पडेल.

रात्रपाळी

इथे मी असहमत. मी भरतीच्या बाजूने काम केले आहे, फक्त क्षेत्र वेगळे होते. ‘घेतलेली नाहीत’ असे वाक्य पत्रात स्वतःहून कशाला? पहिली चाळणी करणारा माणूस रसायनवाला असेलच असे नाही. त्याला ‘नाही’ दिसले की अर्ज बाजूला. नमुने तयार केले एवढे लिहून थांबा, त्यात खोटे काहीच नाही. विचारले तर खरे सांगा.

बाकी शेवटचे ‘मौल्यवान संपत्ती’ नक्की काढा. ‘मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती’ यावर मराठी पत्र नीट संपते.

जुना_विश्लेषक

पहिली चाळणी कोण करते यावर ते अवलंबून आहे, हे मान्य. मी वाचत असतो तर ते ‘नाहीत’ मला आवडले असते.

सलाईन

सॉरी, मी घाईत वाचले होते. पण एक विचारतो, मी ‘सॅम्पल हँडल केले’चे ‘नमुने हाताळले’ असे केले होते. ते चालते का? आता मलाही शंका यायला लागली.

शब्दवेल्हाळ

हाताळले म्हणजे नुसते हात लावले. घेतले, नोंदवले, तपासले, साठवले, यातले जे केले असेल ते लिहा.

निळा_थेंब

पुन्हा लिहिले. इंग्रजी मसुदा या वेळी उघडलाच नाही.

> विषय: प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदासाठी अर्ज
>
> महोदय/महोदया,
>
> आपल्या जाहिरातीस अनुसरून मी वरील पदासाठी अर्ज करत आहे. पाण्याच्या नमुन्यांची रासायनिक तपासणी मी १४ महिने केली आहे. नमुने नोंदवून घेणे, प्रमाण द्रावणे तयार करणे आणि कठिणता व क्लोराइडचे टायट्रेशन ही रोजची कामे माझ्याकडे होती. प्रत्येक नमुना मी दोनदा तपासत असे आणि दोन रीडिंगमध्ये ०.१ मिलीपेक्षा जास्त फरक आल्यास तिसऱ्यांदा.
>
> एकदा कठिणतेच्या तपासणीत रंगबदल स्पष्ट होत नव्हता. इंडिकेटर बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा पीएच मोजला आणि बफरमधील अमोनिया कमी झाल्याचे आढळले. नवीन बफर तयार करून त्या दिवसाचे नऊही नमुने मी पुन्हा तपासले. तेव्हापासून कामाला सुरुवात करण्यापूर्वी बफर तपासण्याची सवय ठेवली आहे.
>
> धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यांचे डायजेशन मी केले आहे. अहवालातील आकड्यांचा अर्थ नमुना आणणाऱ्यांना सोप्या मराठीत समजावून सांगण्याचे कामही मी करत असे.
>
> मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू

‘एएएस चालवलेले नाही’ हे वाक्य दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. शुक्रवारी रात्री ठरवीन. टायट्रेशन तसेच ठेवले आहे, शब्दवेल्हाळ, रागावू नका.

शब्दवेल्हाळ

रागावलो नाही, पण पटलेले नाही. पत्र मात्र आता मराठी आहे.

जुना_विश्लेषक

विषयाखाली ‘संदर्भ’ घालून जाहिरातीचा क्रमांक आणि तारीख टाका. एकाच वेळी दोन पदांची भरती चालू असली तर अर्ज चुकीच्या फाइलला लागतो. शेवटी ‘सोबत’ म्हणून जोडलेल्या कागदांची नावे लिहा. आणि अहवाल समजावून सांगण्याचे वाक्य वर, पहिल्या परिच्छेदात घ्या. पत्र मराठीत मागितले आहे ते त्याच कामासाठी.