जाहिरातीतलं अवॉर्ड खरं आहे का, दिलं कोणी, कसं शोधायचं?

मुक्ता_२२
घरी वॉटर प्युरिफायर घ्यायचाय. एका कंपनीच्या जाहिरातीत सोनेरी शिक्क्यात ‘बेस्ट प्रॉडक्ट २०१९’ असं ठळक लिहिलंय, पण कोणी दिलं ते कुठेच नाही. साइटवर फक्त ट्रॉफी हातात घेतलेला फोटो आहे. आईबाबा तेवढ्यावरच घ्यायला तयार झालेत. हे खरं की खोटं कसं बघायचं, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

सागरलाट
सोप्पंय, अवॉर्डसाठी पैसे भरावे लागतात का बघ. लागत असतील तर फ्रॉड, विषय संपला.

जुना_वाचक
सागर, तेवढ्यावर नाही ठरत. रेड डॉट किंवा आयएफ डिझाइन अवॉर्ड ही नावाजलेली आहेत, तिथेही एन्ट्री फी असते आणि जिंकल्यावरही पैसे भरावे लागतात. फरक हा की तिथे ज्युरीची नावं जाहीर असतात, वस्तू खरोखर तपासली जाते आणि जिंकलेल्यांची यादी कोणालाही उघडून बघता येते.

मुक्ता, आधी तो ट्रॉफीचा फोटो झूम कर. खालच्या पट्टीवर किंवा मागच्या बॅनरवर बहुतेक वेळा देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. नाव मिळालं की असं सर्च कर, example.com च्या जागी कंपनीची साइट टाक:

```
"अवॉर्डचं पूर्ण नाव" 2019 -site:example.com
```

यात कंपनीची स्वतःची पानं गळतात आणि बाकी कोण काय म्हणतंय तेवढंच उरतं. दहा साइटवर शब्द न् शब्द तोच मजकूर दिसला तर ती बातमी नाही, कंपनीनेच पाठवलेली प्रेस रिलीज आहे, तिला पुरावा धरू नकोस.

मुक्ता_२२
नाव मिळालं! बॅनरवर होतं. संस्थेची साइटही सापडली, विजेत्यांच्या यादीत कंपनीचं नावसुद्धा आहे. म्हणजे खरं ना?

जुना_वाचक
अवॉर्ड ‘आहे’ एवढंच कळलं. आता संस्थेचं डोमेन lookup.icann.org वर टाक. मालकाचं नाव बऱ्याचदा झाकलेलं असतं पण डोमेन कधी नोंदवलं ती तारीख बहुतेक वेळा Created समोर दिसते. मग web.archive.org वर तीच साइट टाकून २०१९ मध्ये काय दिसत होतं ते बघ.

रानफूल
माझ्या छोट्या व्यवसायाला पण असाच मेल आलाय, ‘तुमची निवड झाली आहे’, मी कुठे अर्जच केला नव्हता. ट्रॉफी आणि लोगो वापरायचे वेगळे पैसे मागतायत. घ्यावं का? गिऱ्हाइकांवर छाप पडेल असं वाटतंय.

जुना_वाचक
नका घेऊ. त्यांना विचारा, कोणत्या निकषांवर निवडलं आणि ज्युरीत कोण होतं. उत्तरात फक्त पॅकेजचे दर आले तर ती ट्रॉफीची विक्री आहे. आणि उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने मुक्तासारखं शोधलं तर तुमच्या चांगल्या कामावरही शंका येईल.

मुक्ता_२२
बघितलं. डोमेन २०२१ चं आहे! आणि आर्काइव्हमध्ये त्याआधीचं काहीच नाही.

सागरलाट
झालं, पकडले गेले.

जुना_वाचक
थांब, संस्थेने पत्ता बदललेला असू शकतो, आर्काइव्हमध्येही सगळं साठवलं जात नाही. जुन्या साइटचा उल्लेख कुठे मिळतो का ते शोधा. पण शंका नक्कीच वाढली. मुक्ता, त्या यादीत कॅटेगरी किती आहेत आणि प्रत्येकीत हरलेलं कोणी दिसतं का?

मुक्ता_२२
भरपूर कॅटेगरी आहेत आणि प्रत्येकीत एकच नाव, तेच विजेते. नॉमिनेशनच्या पानावर ‘गोल्ड पॅकेज’ वगैरे आहे. ज्युरीबद्दल फक्त ‘तज्ज्ञांची समिती’.

अवधूत_के
मोठ्या नावांचंही तपासावंच लागतं. २००८ मध्ये वाइनवर लिहिणाऱ्या रॉबिन गोल्डस्टीनने मिलानमध्ये नसलेलंच एक रेस्टॉरंट कागदावर उभं केलं, मेन्यू आणि वाइन लिस्ट पाठवली, २५० डॉलर फी भरली, आणि वाइन स्पेक्टेटर मासिकाचं ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ मिळवलं. मासिक खरं, अवॉर्डही खरं, पण तपासली गेली होती ती वाइनची यादी, तिथे जाऊन कोणी जेवलं नव्हतं. म्हणून नक्की काय तपासून दिलं हे विचारायचंच.

जुना_वाचक
अगदी बरोबर. मुक्ता, कंपनीला लेखी मेल टाक: देणाऱ्या संस्थेचं नाव, वर्ष, कॅटेगरी आणि कोणत्या मॉडेलला मिळालं. मॉडेलचं विसरू नकोस, कारण जुन्या मॉडेलला मिळालेला शिक्का नव्या मॉडेलवरही चिकटवतात.

मुक्ता_२२
मेल टाकलाय. उत्तर आलं: ‘आमच्या ब्रँडला मिळालंय’. मॉडेल आणि कॅटेगरीवर एक शब्द नाही. परत विचारलंय. पाणी खरंच किती शुद्ध होतं याचा लॅब रिपोर्टपण मागितलाय, अवॉर्डपेक्षा मला तोच बघायचाय. आईबाबांना थांबवून ठेवलंय.

सागरलाट
रिपोर्ट आला तर लॅबचं नाव इथे टाक, तेही शोधू.