मदत हवी आहे: डावं वृषण १४ महिने दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल

निनाद_३४
नमस्कार मंडळी, जास्त लांबण लावत नाही. डाव्या वृषणात १४ महिन्यांपासून दुखतंय, सकाळी कमी, संध्याकाळपर्यंत ठणका. दोनदा सोनोग्राफी केली, डॉपलरसकट, दोन्ही नॉर्मल. लघवीची तपासणी, कल्चर नॉर्मल. तरी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, काडीचा फरक नाही. शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं की काही नाहीये, टेन्शन घेऊ नका. अहो पण दुखतंय ना! मुलीला कडेवर घेता येत नाही. कुणाला असं झालंय का आणि कशाने बरं झालं तेवढं सांगा प्लीज.

सह्याद्री_वारा
घट्ट लंगोट लावा आणि बाईक बंद करा. मला कॉलेजात असताना असंच व्हायचं, लंगोटाने महिन्यात गेलं. गोळ्या खाऊन काही होत नाही.

मालती_ताई
निनाद, माझ्या भाच्याला व्हेरिकोसील होतं, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या, ऑपरेशननंतर स्पर्म काउंट सुधारला आणि वर्षभरात गोड बातमी आली. काळजी करू नका, तुमचंही होईल.

निनाद_३४
ताई, मूल आहे मला, प्रश्न दुखण्याचा आहे. आणि सोनोग्राफीत व्हेरिकोसील नाहीये. लंगोट नाही पण सपोर्टर घालतो, उभं राहताना थोडं बरं वाटतं, एवढंच.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, पेन क्लिनिकमध्ये बसतो. तुम्ही मुख्य गोष्टी लिहिल्याच नाहीत. नेमकं कुठे दुखतं, वृषण स्वतः दाबल्यावर की त्याच्या वरची कातडी आणि जांघ? बसल्यावर वाढतं की चालल्यावर? खोकल्यावर? मुतखडा, कंबरदुखी? आणि पोटाचं, जांघेचं किंवा नसबंदीचं कुठलंही ऑपरेशन झालंय का?

निनाद_३४
मुतखडा नाही, नसबंदी नाही. बसल्यावर विशेष नाही, जिना चढताना आणि गाडीतून उतरताना वाढतं. हर्नियाचं ऑपरेशन झालंय डाव्या बाजूला, १६ महिने झाले, जाळी टाकलीये, पण ते एकदम चांगलं झालं, जखम कधीच भरली, त्याचा इथे काय संबंध.

भूलवाला
संबंध तिथेच असू शकतो. उघड्या ऑपरेशनमध्ये जाळी बसवतात त्या जागेतून तीन नसा जातात. त्यातली इलिओइंग्वायनल नस अंडकोषाच्या पिशवीचा वरचा-पुढचा भाग आणि मांडीची आतली बाजू सांभाळते, जेनिटोफेमोरलची एक फांदी वीर्यनळीच्या दोरखंडाबरोबर खाली उतरते. टाक्यात, जाळीच्या कडेला किंवा भरलेल्या व्रणात नस अडकली तर दुखतं खाली, बिघाड असतो वर. सोनोग्राफी वृषण दाखवते, नस नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल.
घरी एक करून बघा. कापसाचा बोळा दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूने आणि पिशवीच्या पुढच्या कातडीवरून हळूच फिरवा, डावी-उजवी वेगळी लागते का. मग व्रणावर बोटाच्या टोकाने टिचक्या मारत बाहेरच्या टोकापासून आत या. एखाद्या ठिकाणी करंट खाली उतरतो का?

सह्याद्री_वारा
कापूस फिरवून निदान होतं का कुठे? एमआरआय करा सरळ.

भूलवाला
कापसाने निदान पक्कं होत नाही, दिशा कळते. एमआरआयमध्ये इतकी बारीक नस अडकलेली बहुतेक वेळा दिसतच नाही. कंबर किंवा कुल्ल्याचा संशय असेल तर त्याचा उपयोग होतो.

निनाद_३४
केलं आत्ता. डावीकडे मांडीच्या वर हाताएवढ्या पट्ट्यात कापूस खरखरीत लागतो, जळल्यासारखा, उजवीकडे काहीच नाही. आणि व्रणाच्या आतल्या टोकाला, साधारण दोन बोटं अलीकडे, टिचकी मारली तर झटका सरळ खाली गेला, मी दचकलोच. १४ महिने कुणी तिथे हात लावून बघितलं नव्हतं. आता आठवतंय, ऑपरेशननंतर दोन महिने तो भाग बधिर होता, बधिरपणा गेला आणि हे सुरू झालं.

एक_वाचक_नाशिक
माझ्या मावसभावाला सहा वर्षं त्रास होता, शेवटी वृषण काढून टाकलं, विषय संपला. इतकी वर्षं सोसण्यापेक्षा काढलेलं बरं.

भूलवाला
त्यांना बरं वाटलं याचा आनंदच आहे, पण हे सगळ्यात शेवटचं टोक आहे. नस वर अडकली असेल तर वृषण काढूनही दुखणं तिथेच राहतं, असे पेशंट पाहिलेत.
निनाद, आजवर नसेच्या दुखण्यावरची काही गोळी घेतली का?

निनाद_३४
प्रीगाबालिन ७५ दिली होती रात्री, पाच दिवस घेतली, सकाळी ऑफिसात गुंगी यायची, सोडून दिली.

भूलवाला
पाच दिवसांत काही कळत नाही. अशा गोळ्यांना तीन-चार आठवडे द्यावे लागतात, तेही कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवत. बऱ्याचदा आधी अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम झोपण्याआधी देतात, तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते. हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि स्वतःहून दुकानातून आणू नका.
गोळ्यांसोबत किंवा नंतर ब्लॉक. पोटाच्या भिंतीत सोनोग्राफीत बघून नसेजवळ भुलीचं औषध सोडायचं. मग दर अर्ध्या तासाने दुखणं १० पैकी किती ते लिहा, आणि ज्याने दुखतं तेच करा, जिना चढा. परिणाम काही तासच टिकेल, कारण ते मुख्यतः निदानासाठी असतं.

डॉ_अंजन
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले तरी वृषणात दुखतं, सगळं जाळीवर ढकलू नका. आतून तपासून घ्या.

भूलवाला
बरोबर. पण तसं असेल तर बरेचदा बसल्यावर वाढतं, लघवी-शौचाला त्रास असतो, इथे तसं नाही. तरी तपासायला हरकत नाही, महिनोन्महिने दुखलं की ते स्नायूही आखडतातच.

निनाद_३४
*(पाच आठवड्यांनी)* अपडेट. अमिट्रिप्टिलिन १० वरून २५ झाली, ठणका ७ वरून ५ वर आलाय. काल ब्लॉक केला. वीस मिनिटांत कातडीची जळजळ पूर्ण गेली, टिचकी मारली तर काहीच नाही, हॉस्पिटलचे तीन मजले चढून उतरलो. पण आत खोलवर जी ओढ आहे, वृषणातच, ती २ राहिली. रात्री दहाला सगळं परत आलं. मग ते निदान चुकलं का?

भूलवाला
चुकलं नाही, अर्धं सापडलं. कातडी आणि व्रणाचा भाग इलिओइंग्वायनलचा निघाला. आतली ओढ दोरखंडातल्या तंतूंची असू शकते, त्यासाठी दोरखंडाचा वेगळा ब्लॉक जघनास्थीजवळ करतात. त्याने किमान निम्मं दुखणं कमी झालं तर मायक्रोस्कोपखाली ते तंतू कापण्याचा विचार होतो, वृषणाची धमनी आणि लिम्फच्या नळ्या राखून. पण तुमच्याकडे आधीची जाळी आहे, तिथे सगळं चिकटलेलं असतं, म्हणून आधी वरच्या नसेचं काय करायचं हे हर्नियाचा अनुभव असलेल्या सर्जननेच बघावं. दोन्ही ऑपरेशनं एकदम करावीत की नाही यावर सर्जन लोकांत एकमत नाही. घाई नको, एकदा ब्लॉक रिपीट करून घ्या, एका ब्लॉकवर कापाकापी ठरवू नये.
आणि अचानक, तीव्र, मळमळीसकट दुखलं तर ते वेगळंच, थेट इमर्जन्सीला जा, तिथे तासांचा हिशोब असतो.

सह्याद्री_वारा
मी लंगोटाचं म्हणालो ते चुकीचं नव्हतं ना पण? सपोर्टरने बरं वाटतंय म्हणालेत.

निनाद_३४
नाही हो दादा, सपोर्टर चालूच आहे. दोरखंडाचा ब्लॉक पुढच्या गुरुवारी आहे. नाशिक-पुण्यात जाळी असलेल्या पेशंटची नस सोडवण्याचं काम नियमित करणारे कुणी माहीत असतील तर व्यनि करा.